४८ शब्दांचं एक वाक्य

समजा, कुडाळजवळच्या एका महिला बचत गटाला आपलं कोकम सिरप दुबईतल्या दुकानदाराला विकायचं आहे. पत्र इंग्रजीत लिहायचं ठरतं आणि सुरुवात होते, ‘विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट, वी हंबली बेग टू इन्फॉर्म युअर गुड सेल्फ...’ मध्ये गट कुणी स्थापन केला, काय बनवतो हे सगळं येतं आणि शेवटी ‘डू द नीडफुल’वर पूर्णविराम पडतो. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ लिहिण्याची सवय इंग्रजीतही उतरते. परक्या भाषेत आपण चुकायला घाबरतो, म्हणून कागदोपत्री वाक्यांचा आधार घेतो.

अशा पत्राची तपासणी शब्द मोजून सुरू करावी. हे वाक्य ४८ शब्दांचं आहे. विसाच्या पुढे गेलेलं वाक्य तोडायचं, हा साधा नियम. दुसरी कसोटी फ्लेश-किनकेड सूत्राची. अमेरिकी नौदलासाठी १९७५ मध्ये तयार झालेलं हे सूत्र दोनच गोष्टी बघतं: एका वाक्यात सरासरी किती शब्द आणि एका शब्दात सरासरी किती उच्चारखंड. त्यातून मजकूर साधारण कितव्या इयत्तेचा आहे ते कळतं. वर्डसारख्या प्रोग्राममध्ये हा आकडा आयता मिळतो. आपलं वाक्य विसाव्या इयत्तेत जातं, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाच्याही पुढे! गंमत म्हणजे त्यातले शब्द फार अवघड नाहीत; आकडा चढतो तो मुख्यतः लांबीमुळे.

आता तेच असं लिहू: ‘वी आर टेन विमेन फ्रॉम अ व्हिलेज निअर कुडाळ. वी मेक कोकम सिरप. कॅन वी सेंड यू टू बॉटल्स टू टेस्ट?’ २१ शब्द, तीन वाक्यं आणि इयत्ता दुसरी. शिवाय दुकानदाराने नेमकं काय करायचं, तेही आता स्पष्ट झालं. ‘डू द नीडफुल’मध्ये ते कुठेच नव्हतं, आणि सूत्राने त्याबद्दल चकार शब्द काढला नसता. शब्द छोटे असले की सूत्र खूश. अर्थ त्याला दिसत नाही. याच वाक्यांतले शब्द उलटसुलट केले तरी गुण तेच येतील. कोकम म्हणजे काय, हे परक्या वाचकाला ठाऊक नसेल, याचीही त्याला दखल नाही. त्यासाठी ‘आंबट लाल फळ’ असं एक वाक्य वाढवावं लागेल, आणि ते जरूर वाढवावं.

वाक्यं तोडताना आणखी एक घोटाळा होतो. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘पण’ सांगणारे शब्द गळतात. ‘सिरपमध्ये रंग नाही. ते फिकट दिसतं.’ एवढंच लिहिलं तर दुकानदाराला माल खराब वाटेल. इथे ‘बिकॉज’ घालून दोन्ही वाक्यं जोडलेली बरी; शब्द वाढले तरी विसाच्या आतच राहतात.

हे सूत्र मराठी मजकुराला मात्र लावू नये. ‘गावातल्यांसाठी’ हा आपला एकच शब्द, इंग्रजीत त्याचे चार-पाच होतात.