पुस्तक संपलं, पैसेही संपले!

माझ्या मावशीची कादंबरी मागच्या वर्षी आली. दोनशे पानं, पेपरबॅक, तीनशे प्रती, खर्च सगळा स्वतःचा. वर्षभरात एकही प्रत उरली नाही. घरात पेढे वाटून झाले आणि मग मावशीने बँकेचं पासबुक उघडलं. तेरा हजार रुपये कमी होते!

‘सगळी पुस्तकं विकली गेली आणि मी तोट्यात कशी?’ हा तिचा प्रश्न. मावशी रिटायर्ड शिक्षिका आहे, तीही गणिताची. त्यामुळे हा प्रश्न तिला जास्तच लागला. आम्ही दोघी वही घेऊन बसलो. माझ्या कॉलेजमध्ये कविता, फँटसी, ट्रॅव्हलॉग लिहून ‘आपणच छापू ना यार’ म्हणणारे किमान पाच जण आहेत. त्यांच्यासाठी ही वही इथे उघडतेय.

मावशीने किंमत कशी ठरवली होती? छपाई आणि बाइंडिंगचे तीस हजार, म्हणजे प्रतीमागे १०० रुपये. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ मिळून पंधरा हजार, म्हणजे प्रतीमागे आणखी ५०. एकूण १५०. त्यावर ५० रुपये आपले, म्हणून छापील किंमत २००. ऐकायला एकदम बरोबर वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

गडबड अशी की पुस्तकाच्या धंद्यात कमिशन कापलं जातं ते छापील किमतीवर. तुमचा खर्च किती झाला, हे कुणी विचारत नाही. मावशीच्या पुस्तकावर दुकानदाराने ४० टक्के घेतले, तिच्या हातात आले १२०. वितरक गावोगावच्या दुकानांना माल पोचवतो आणि त्यांचं कमिशनही त्याच्याच वाट्यातून देतो, म्हणून त्याने ५० टक्के घेतले. हातात आले १००. खर्च १५०! म्हणजे वितरकाकडून एक पुस्तक खपलं की मावशी ५० रुपये हरत होती. जितका खप जास्त, तितका खड्डा मोठा.

मग प्रकाशन समारंभ. तिथे ‘सवलतीत फक्त १५०’ असा बोर्ड लागला आणि तीच किंमत ओळखीपाळखीत चिकटली. अशा १२० प्रती गेल्या, त्यांचे आले अठरा हजार. वितरकाकडून शंभर प्रतींचे दहा हजार, दुकानांतून पन्नास प्रतींचे सहा हजार. तीस प्रती भेट आणि परीक्षणासाठी फुकट. जमा चौतीस हजार, खर्च पंचेचाळीस अधिक पार्सलचे दोन हजार. पासबुक बरोबर होतं.

आता दुसरी आवृत्ती काढायची होती. या वेळी मावशीने हिशेब उलटा मांडला. आधी हातात किती यायला हवेत ते ठरवायचं आणि त्यावरून किंमत काढायची. अक्षरजुळणी आणि मुखपृष्ठ तयारच आहे, त्यामुळे खर्च फक्त छपाईचा, तीस हजार. पण तो तीनशेने भागायचा नाही. वीस प्रती फुकट जाणार हे माहीत आहे, म्हणून २८० ने भागायचा. प्रत पडते १०७ रुपयांना. गठ्ठ्याने पाठवायचे प्रतीमागे आठ धरले की ११५. (पहिल्या आवृत्तीचा तोटा या किमतीत घालायचा मोह मावशीला झाला होता. मी नको म्हटलं. नवीन वाचकाने जुनी चूक का फेडायची? तो तोटा वेगळ्या पानावर लिहून ठेवला, नफ्यातून फिटेल तसा फिटेल.)

‘जास्त प्रती छाप की, स्वस्त पडतील,’ हा सल्ला तिला घरातल्या प्रत्येकाने दिला. छापखान्यानेही दिला. हजार छापल्या तर प्रत साठ रुपयांना देतो म्हणाले. शंभराची वस्तू साठात! पण हजार प्रतींचे साठ हजार रुपये आधी मोजायचे आणि त्यातल्या चारशेच खपल्या तर? मग खपलेली प्रत्येक प्रत दीडशेला पडली आणि सहाशे पुस्तकं पलंगाखाली. खर्च छापलेल्या प्रतींनी भागला की छान दिसतो, खपणाऱ्या प्रतींनी भागला की खरा कळतो. आम्ही तीनशेवरच थांबलो.

मावशीला एका प्रतीमागे निदान दहा रुपये तरी सुटायला हवे होते. किंमत ठरवताना सगळ्यात वाईट गिऱ्हाईक समोर ठेवायचं, म्हणजे आपल्याला सगळ्यात कमी देणारा मार्ग. इथे तो वितरक. ११५ अधिक दहा म्हणजे १२५ हातात हवेत. निम्मे त्याचे, म्हणून छापील किंमत २५०. दुकानातून ३५ सुटत होते. थेट वाचकाला २० टक्के सवलत देऊन कुरिअरचे पन्नास आपण भरले तरी ४३ सुटत होते. झालं की, मी पेन ठेवलं.

मावशीने मात्र जुनी पावती काढली. पहिल्या वेळी वितरकाकडून काही प्रती परत आल्या होत्या, त्यातल्या चारांचे कोपरे दुमडलेले. ते पुस्तक पुन्हा पूर्ण किमतीत कोण घेणार? एक प्रत वाया गेली की ११५ रुपये गेले. प्रतीमागे कमाई दहा, म्हणजे एक खराब प्रत साडेअकरा प्रतींची कमाई खाते. दुकानं आणि वितरक बहुतेक वेळा पुस्तक ठेवून घेतात, विकलं की पैसे देतात आणि नाही विकलं तर परत पाठवतात. त्यामुळे खराब प्रती येणारच. दहा रुपये हा नफा नव्हताच, नशीब होतं.

म्हणून २८०. वितरकाकडून १४० येतात, २५ सुटतात. दुकानातून ५३, थेट विक्रीत सवलत आणि कुरिअर धरून ६७. आता एक खराब प्रत साधारण पाच प्रतींची कमाई खाते. दुखतं, पण झेपतं. तीनशे का नाही? त्यासाठी आम्ही अप्पा बळवंत चौकात एक दुपार घालवली. दोनशे पानांच्या आसपासच्या नवीन मराठी कादंबऱ्या उलटून फक्त मागची किंमत बघत होतो. दुकानातले काका म्हणाले, ‘ताई, वाचायचं काही घेणार का?’ तिथे मावशीचा कानोसा असा की तीनशेला हात लावताना लोक लेखकाचं नाव बघतात. हे काही शास्त्र नाही. पण आपल्या पुस्तकाचे शेजारी कितीला उभे आहेत, हे बघितल्याशिवाय किंमत छापू नये.

आता रॉयल्टी. हा शब्द ऐकला की आमच्या पिढीचे डोळे चमकतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाला कवितासंग्रहासाठी ‘शंभर टक्के रॉयल्टी’ची ऑफर आली होती. पॅकेजचे पैसे त्याने भरायचे, पुस्तक ऑर्डर येईल तसं छापलं जाणार. शंभर पानं, किंमत १५०. ‘शंभर टक्के म्हणजे सगळंच माझं!’ असं तो कॅन्टीनभर सांगत होता. करारात बारीक अक्षरात होतं, ‘निव्वळ नफ्यावर’. म्हणजे दीडशेतून आधी विक्रीच्या साइटचे ७५ गेले, मग छपाईचे ७०. उरले पाच रुपये. त्याचे शंभर टक्के म्हणजे पाच रुपये!

याउलट नेहमीचा प्रकाशक छापील किमतीवर दहा टक्के देत असेल, तर त्याच पुस्तकावर पंधरा रुपये मिळतात. तेही स्वतःचे पैसे न घालता. त्यामुळे टक्केवारी ऐकून हुरळून जाण्याआधी ‘कशाच्या टक्के?’ हे विचारायचं. छापील किमतीच्या, हातात आलेल्या रकमेच्या की छपाई वजा करून उरलेल्या पैशाच्या? आणि उत्तर टक्क्यांत घ्यायचंच नाही. ‘एक प्रत तुमच्या साइटवर विकली तर माझ्या खात्यात किती रुपये, आणि दुसऱ्या साइटवर विकली तर किती?’ असं लेखी विचारायचं. दोन्ही आकडे वेगळे येतात. किंमत ठरवताना त्यातला लहान धरायचा. आणि हो, पॅकेजच्या यादीत ‘आयएसबीएन’साठी वेगळे पैसे लावलेले दिसले तर भुवया उंचवा. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून मोफत मिळतो.

इंग्रजीत लिहून अमेरिकेतल्या वाचकाला पुस्तक विकू पाहणाऱ्यांची गंमत आणखी वेगळी. अमेझॉनच्या केडीपीवर पेपरबॅकची रॉयल्टी छापील किमतीवर ठरते आणि त्यातून छपाईचा खर्च वजा होतो. पूर्वी सरसकट ६० टक्के होती. १० जून २०२५ पासून अमेरिकेत ९.९९ डॉलरपेक्षा कमी किमतीच्या पुस्तकाला ५० टक्केच मिळतात. दोनशे पानांच्या काळ्या-पांढऱ्या पुस्तकाची छपाई पडते साधारण ३.४० डॉलर. ‘नवीन लेखक आहे, स्वस्त ठेवू’ म्हणून किंमत ७.९९ लावली, तर निम्मे म्हणजे चार डॉलर, वजा ३.४०, हातात साधारण साठ सेंट. तेच पुस्तक ९.९९ ला लावलं की साठ टक्के म्हणजे सहा डॉलर, वजा ३.४०, हातात दोन डॉलर साठ सेंट. किंमत दोन डॉलरने वाढली आणि कमाई चौपटीहून जास्त झाली. छपाईचा खर्च जागचा हलत नाही, म्हणून किंमत थोडी सरकली तरी सगळा फरक लेखकाच्या वाट्यात दिसतो. मावशीचं २५० आणि २८० मध्ये नेमकं हेच झालं.

दुसरी आवृत्ती गेल्या महिन्यात छापून आली. मागच्या पानावर २८०, आणि समारंभाचा ‘फक्त १५०’वाला बोर्ड मी स्वतः फाडला. ओळखीच्यांना आता २० टक्के सवलत, त्याहून कमी कुणालाच नाही. माझ्या सख्ख्या मामाने कुरकुर केली, पण पुस्तक २२४ रुपये मोजून घेतलं.

परवा एका नवीन वितरकाचा फोन आला. साठ प्रती एकदम घेतो म्हणाला, पण ५५ टक्क्यांनी. मावशीने स्पीकर चालू ठेवून वहीत लिहिलं. २८० चे ४५ टक्के १२६. वजा ११५. राहिले अकरा.

‘पन्नास टक्क्यांनी तीस प्रती देते,’ ती म्हणाली. ‘आणि परत पाठवाल त्या कोपरे न दुमडता पाठवा.’

पलीकडचा माणूस हसला आणि उद्या कळवतो म्हणाला. अजून कळवलेलं नाही.