खेळ एक, दुकानं अनेक

सप्टेंबर 2017 मध्ये प्लेस्टेशनवर ‘फोर्टनाइट’ खेळणाऱ्या काही जणांना एक गोष्ट खटकली. समोरच्या खेळाडूच्या नावात दोन शब्दांमध्ये मोकळी जागा होती. प्लेस्टेशनच्या नेटवर्कवर असं नाव घेताच येत नाही. एक्सबॉक्सवर मात्र चालतं. म्हणजे सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोन कट्टर स्पर्धकांच्या यंत्रांवरची मुलं एकाच सामन्यात उतरली होती. ‘फोर्टनाइट’ बनवणाऱ्या एपिक गेम्सनं हा सेटिंगमधला घोळ असल्याचं सांगितलं आणि तो लगेच दुरुस्त केला. पण एका चुकीच्या सेटिंगनं हे घडू शकतं, याचा अर्थ तंत्र आधीपासूनच तयार होतं. अडत होतं ते दुसरीकडे.

वेगवेगळ्या यंत्रांवरच्या खेळाडूंनी एकाच वेळी एकत्र खेळणं म्हणजे क्रॉस-प्ले. एका यंत्रावर अर्धवट सोडलेला खेळ दुसऱ्या यंत्रावर तिथूनच पुढे सुरू करता येणं म्हणजे क्रॉस-सेव्ह. दोन्ही शब्द जोडीनं येतात, म्हणून एक असलं की दुसरं असणारच, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’ हा 2025 चा गेम प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि पीसीवाल्यांना एकत्र शिकारीला नेतो, पण एका यंत्रावरची प्रगती दुसऱ्यावर नेऊ देत नाही. ‘बाल्डर्स गेट 3’चं नेमकं उलट झालं. त्यात क्रॉस-सेव्ह 2023 मध्येच होतं, क्रॉस-प्ले यायला एप्रिल 2025 उजाडला.

आधी क्रॉस-प्ले कसं चालतं ते पाहू. ‘फोर्टनाइट’सारख्या गेममध्ये सामना आपल्या कन्सोलवर घडत नाही, तो कंपनीच्या सर्व्हरवर घडतो. आपलं यंत्र फक्त कळवत राहतं की हा खेळाडू डावीकडे वळला, यानं गोळी झाडली. सर्व्हर सगळ्यांचे निरोप एकत्र करून खरी परिस्थिती ठरवतो आणि ती प्रत्येकाला परत पाठवतो. सेकंदाला अनेक वेळा ही देवाणघेवाण चालते. निरोप प्लेस्टेशनवरून आला की फोनवरून, यानं सर्व्हरला फरक पडत नाही. चित्र किती देखणं काढायचं, हा ज्याच्या त्याच्या यंत्राचा प्रश्न.

मात्र दोन गोष्टी जमाव्या लागतात. पहिली ओळख. सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो, स्टीम या प्रत्येकाची मित्रयादी आणि अकाउंट वेगळं असतं आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून गेम कंपनी स्वतःचं अकाउंट काढायला लावते. एपिकचं अकाउंट हे असं वरचं अकाउंट आहे. त्याला आपलं प्लेस्टेशन, एक्सबॉक्स वगैरे जोडलेलं असतं. गेम सुरू करताना ‘आमचं अकाउंट उघडा’ असा लकडा लावला जातो, त्यामागचं हे एक कारण आहे.

दुसरी गोष्ट आवृत्ती. एकाच सामन्यातल्या सगळ्यांकडे गेमची जुळणारी आवृत्ती लागते; एकाच्या बंदुकीची ताकद कमी केलेली आणि दुसऱ्याची तशीच, असं चालत नाही. पण कन्सोलवर प्रत्येक अपडेट त्या कंपनीच्या तपासणीतून जातो. एका ठिकाणी तो अडकला, तर बाकीच्यांना थांबावं लागतं किंवा तेवढ्यापुरतं एकत्र खेळणं बंद ठेवावं लागतं. मोठ्या कंपनीला ही कसरत परवडते. दोन-चार जणांच्या चमूला त्यात आठवडे घालवावे लागतात.

याशिवाय समान लढतीचा प्रश्न असतो. माउसनं नेम धरणारा आणि फोनच्या काचेवर अंगठा फिरवणारा यांची बरोबरी होत नाही. म्हणून ‘फोर्टनाइट’मध्ये खेळाडूंचे गट पाडले गेले आणि फोनवाल्यानं पीसीवाल्या मित्राबरोबर टोळी केली, तर अख्खी टोळी पीसीवाल्यांच्या गटात जाऊ लागली. मित्राबरोबर खेळायचं, तर मित्राच्या प्रतिस्पर्ध्यांशीही खेळावं लागतं.

आता क्रॉस-सेव्ह. आपली प्रगती कुठे साठवली आहे, यावर सगळं अवलंबून असतं. ती गेम कंपनीच्या सर्व्हरवर असेल, तर काम सोपं: पैसे बँकेत आहेत, एटीएम कुठलंही चालेल. पण अनेक गेम, विशेषतः एकट्यानं खेळायचे, प्रगतीची फाइल आपल्याच यंत्रावर ठेवतात आणि तिची प्रत त्या त्या कंपनीच्या क्लाउडवर जाते. स्टीम क्लाउडमुळे घरच्या पीसीवरचा खेळ लॅपटॉपवर पुढे नेता येतो, पण दोन्हीकडे स्टीमच असल्यामुळे. प्लेस्टेशनला त्या क्लाउडचं दार बंद आहे. याला क्रॉस-सेव्ह समजून दुसरं यंत्र घेणाऱ्यांची फसगत होते.

प्रगती सर्व्हरवर असली तरी एक अडचण उरते. दोन यंत्रांवर आधीच वेगवेगळं खेळून झालं असेल तर? ‘डेस्टिनी 2’नं ऑगस्ट 2019 मध्ये क्रॉस-सेव्ह आणलं, तेव्हा बंजी कंपनीनं साधं उत्तर काढलं: बेरीज नाही, निवड. समजा, एखाद्याची प्लेस्टेशनवर तीन जुनी पात्रं आहेत आणि पीसीवर एक नवं. अकाउंट जोडताना त्याला विचारतात, कुठली पात्रं ठेवायची? त्यानं प्लेस्टेशनची निवडली, की पीसीवरही तीच दिसू लागतात. पीसीवरचं नवं पात्र पुसलं जात नाही, पण बाजूला पडतं. निर्णय फिरवून जोडणी तोडली, तर पुन्हा जोडायला 90 दिवस थांबावं लागतं.

बारीक अक्षरांतली खरी मेख पुढे आहे. पात्र पीसीवर आलं, तरी प्लेस्टेशनच्या दुकानातून घेतलेला गेमचा विस्तारित भाग आला नाही. तो पीसीवर पुन्हा विकत घ्यावा लागतो. ‘सिल्व्हर’ हे विकत मिळणारं चलन जिथे घेतलं तिथेच खर्च करायचं. कमावलेलं सोबत येतं, पैसे मोजून घेतलेलं बऱ्याचदा दुकानातच राहतं. हा नियम तंत्रानं घातलेला नाही.

तो कुणी घातला, हे जून 2018 मध्ये दिसलं. ‘फोर्टनाइट’ निन्टेन्डोच्या स्विचवर आलं आणि लोकांनी उत्साहानं लॉग-इन करून पाहिलं. ज्यांचं एपिक अकाउंट कधीकाळी प्लेस्टेशनला जोडलेलं होतं, त्यांना स्विचवर प्रवेशच मिळेना. एक्सबॉक्स जोडलेल्यांना अशी अडचण आली नाही. पैसे खर्च करून घेतलेला पोशाख, महिनोन्‌महिने खेळून मिळवलेली पातळी, सगळं एकाच यंत्राच्या दावणीला बांधलेलं आहे, हे लोकांना त्या दिवशी कळलं. मोठी ओरड झाली. 26 सप्टेंबर 2018 रोजी सोनीनं ‘फोर्टनाइट’पुरतं क्रॉस-प्ले प्रायोगिक तत्त्वावर खुलं केलं.

सोनी का अडून बसली होती, याचा हिशेब 2021 मध्ये बाहेर आला. एपिकनं ॲपलवर भरलेल्या खटल्यात कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रं न्यायालयात सादर झाली आणि त्यांत सोनीचं क्रॉस-प्लेबाबतचं धोरणही होतं. कन्सोल कंपनीची मोठी कमाई तिच्या दुकानात होणाऱ्या विक्रीवरच्या हिश्श्यातून होते आणि हा हिस्सा साधारण 30 टक्के असतो. समजा, एक मुलगा रोज प्लेस्टेशनवर खेळतो, पण गेममधलं चलन फोनवरून विकत घेतो. खेळण्याची सोय सोनीची, हिस्सा दुसऱ्याचा.

यावर सोनीनं सूत्र काढलं होतं. गेमच्या एकूण कमाईतला प्लेस्टेशनचा टक्का भागिले एकूण खेळण्यातला प्लेस्टेशनचा टक्का. उत्तर 0.85 पेक्षा कमी आलं, तर गेम कंपनीनं सोनीला भरपाई द्यायची. आकडे घालून पाहू. एकूण खेळण्यापैकी 60 टक्के खेळणं प्लेस्टेशनवर होतं आणि कमाईचा 54 टक्के भाग तिथून येतो, तर उत्तर 0.9, काही द्यायचं नाही. पण कमाईचा भाग 45 टक्क्यांवर आला, तर उत्तर 0.75 आणि भरपाई लागू. त्याच धोरणात गेममधलं चलन प्लेस्टेशनवर आणायला किंवा तिथून बाहेर न्यायला मनाई होती. अशी भरपाई घेणारी सोनी ही एकटीच कंपनी असल्याचं एपिकचे प्रमुख टिम स्वीनी यांनी साक्षीत सांगितलं.

सोनीच्या बाजूनं विचार केला, तर हे अनाकलनीय नाही. त्या पिढीत सगळ्यात जास्त कन्सोल तिचेच विकले गेले होते. सगळे मित्र प्लेस्टेशनवर असतील, तर नवा मुलगाही प्लेस्टेशनच मागतो. कुठल्याही यंत्रावरून मित्रांशी खेळता येऊ लागलं, की हे कारण संपतं. म्हणूनच त्या काळात मागे असलेल्या कंपन्या एकत्र खेळण्याच्या बाजूनं उभ्या होत्या आणि पुढे असलेली कंपनी विरोधात होती.

आता बरेच मोठे ऑनलाइन गेम खुले झाले आहेत. तरीही काही मागे आहेत, आणि तिथे दोष दरवेळी दुकानदाराचा नसतो. ‘माइनक्राफ्ट’ पाहा. त्याची जावा आवृत्ती आणि फोन-कन्सोलवरची बेडरॉक आवृत्ती दिसायला भावंडं, पण त्यांचा कोड वेगवेगळ्या भाषांत लिहिलेला आहे; त्यामुळे दोन्हीकडचे खेळाडू थेट एकत्र येत नाहीत. आपल्याकडची मुलं ज्यावर तुटून पडतात, त्या ‘बीजीएमआय’चंही तेच. अँड्रॉइड आणि आयफोनवाले त्यात एकत्र खेळतात, पण पीसीवरचा ‘पबजी’ हा स्वतंत्रपणे बनवलेला गेम आहे. फोनवाला त्याच्या सामन्यात जाऊ शकत नाही. ‘एल्डन रिंग’मध्ये प्लेस्टेशन 4 आणि 5 वाले एकत्र येतात, पीसीवाले मात्र पीसीवाल्यांतच. मित्र बोलावण्यासाठी जो गेम त्या त्या कंपनीच्याच नेटवर्कवर विसंबून बांधलेला असतो, त्यात हे नंतर बदलणं म्हणजे पाया उकरणं. आणि पीसीवर खेळाडूंनी स्वतः जोडलेले बदल असतील, तर तेच बदल कन्सोलवाल्याकडेही असल्याशिवाय एकत्र खेळता येत नाही.

म्हणून घरात दुसरं यंत्र येणार असेल, तर गेम ‘सगळ्या प्लॅटफॉर्मवर उपलब्ध’ आहे, या वाक्यावर जाऊ नये. त्याचा अर्थ एवढाच, की तो सगळीकडे विकला जातो. कुठल्या यंत्रावरचे खेळाडू एकत्र येतात, प्रगती कुठून कुठे जाते आणि विकत घेतलेल्या वस्तू सोबत येतात का, हे तीन प्रश्न वेगळे विचारावेत. आणि नव्या यंत्रावर गेम पहिल्यांदा उघडताना आधी जुनं अकाउंट जोडावं, मगच खेळायला घ्यावं. घाईनं तसंच सुरू केलं, तर तिथे नवं, रिकामं अकाउंट तयार होऊ शकतं. दोन अकाउंट एक करण्याची सोय एपिकनं 2019 मध्ये दिली होती, पण ती काही महिन्यांतच बंद झाली.