उद्याची इच्छा, कालचं क्रियापद

'आय विश टुमॉरो वेअर संडे.' उद्या रविवार असता तर काय बहार आली असती! शनिवारीही ऑफिसला जावं लागणारा माणूस शुक्रवारी रात्री हेच म्हणतो. आता वाक्य जरा निरखून बघा. दिवस उद्याचा आणि क्रियापद मात्र भूतकाळाचं. 'टुमॉरो' दिसला की 'विल' टाका, असं शाळेत घोकून घेतलेल्यांना इथे इंग्रजीनेच चकवा दिल्यासारखं वाटतं.

चकवा वगैरे काही नाही. 'विश' आणि 'इफ ओन्ली' यांच्या मागे येणारं भूतकाळी रूप घड्याळाकडे बोट दाखवतच नाही. ते एवढंच सांगतं, की बाबा रे, ही गोष्ट खरी नाही. आपण मराठीतही तसंच करतो, फक्त रूप वेगळं उचलतो. 'मी रोज घरी असतो' आणि 'मी घरी असतो तर' यांतला 'असतो' एकच. पहिला रोजच्या सवयीचा, दुसरा निव्वळ कल्पनेतला. मराठी व्याकरणात या दुसऱ्याला संकेतार्थ म्हणतात. आपण कल्पनेसाठी सवयीचं रूप वापरतो, इंग्रज कालचं वापरतो, इतकंच.

शेपूट जोडा, उत्तर मिळवा

'वेअर' की 'हॅड डन' की 'वुड', यावर क्लासमध्ये तास खर्ची पडतात. त्यापेक्षा एक सोपी युक्ती आहे. इच्छेच्या वाक्याला 'बट'ने सुरू होणारं खरं शेपूट जोडायचं आणि मग शेपटाकडे बघून रूप तपासायचं.

पुण्याची एक सकाळ घ्या. सकाळी 7:15ची डेक्कन क्वीन पकडायला एक बाई कोथरूडहून रिक्षाने निघाल्यात. सात वाजत आले तरी रिक्षा लाल सिग्नलला उभीच. बाई पुटपुटतात, 'आय विश धिस सिग्नल वुड चेंज.' शेपूट: 'बट इट वोन्ट.' सिग्नल काही हलायला तयार नाही.

7:16ला बाई धापा टाकत प्लॅटफॉर्मवर पोचतात, तर गाडीचा शेवटचा डबा पुढे सरकतोय. आता वाक्य होतं, 'आय विश आय वेअर ऑन दॅट ट्रेन.' शेपूट: 'बट आय ॲम नॉट.' मी त्या गाडीत नाही, आणि हे या क्षणाचं सत्य आहे.

साडेसातला स्टॉलवर चहा घेताना पश्चात्ताप सुरू होतो. 'इफ ओन्ली आय हॅड लेफ्ट होम अर्लियर!' शेपूट: 'बट आय डिडन्ट.' लवकर निघाले नाही, ते होऊन गेलं, आता त्यात बदल नाही.

म्हणजे शेपटात 'वोन्ट' आलं तर इच्छेत 'वुड', 'ॲम नॉट' किंवा 'डोन्ट' आलं तर साधा भूतकाळ, आणि 'डिडन्ट' आलं तर 'हॅड' आणि क्रियापदाचं तिसरं रूप. प्रत्येक वेळी क्रियापद खऱ्या गोष्टीपेक्षा एक पायरी मागे जातं. नकाराचंही उलटं होतं. 'आय विश आय हॅडन्ट सेड दॅट' असं कुणी म्हणालं, तर त्याने ते नक्की बोलून टाकलेलं असतं: 'बट आय डिड.' ऐकणाऱ्याला हे शेपूट न सांगताच कळतं.

संध्याकाळी बाई मैत्रिणीला ही हकिकत सांगतात तेव्हा आणखी एक गंमत होते. 'विश'चं 'विश्ड' झालं, मग 'वेअर'चं 'हॅड बीन' करायचं का? नाही. 'आय विश्ड आय वेअर ऑन दॅट ट्रेन' हेच बरोबर, कारण इच्छा आणि गाडीत नसणं या दोन्ही गोष्टी त्याच क्षणी घडत होत्या. 'हॅड' येतं ते इच्छेच्याही आधी घडून गेलेल्या गोष्टीसाठी.

एक 'ड', दोन मालक

बोलताना इंग्रज माणूस 'हॅड' आणि 'वुड' या दोघांनाही चिमटीत पकडून नुसता 'ड' करतो. 'आय विश आय'ड गॉन' आणि 'आय विश यू'ड गो.' पहिल्यात पुढे तिसरं रूप आहे, म्हणून तो 'हॅड'. दुसऱ्यात मूळ रूप आहे, म्हणून तो 'वुड'. सरळ हिशेब.

पण 'कम'सारखं क्रियापद आलं की हिशेब कोसळतो. 'कम'चं मूळ रूप 'कम' आणि तिसरं रूपही 'कम'. मग 'आय विश ही'ड कम' म्हणजे काय? तो काल यायला हवा होता, की आता येईल तर बरं? वाक्यावरून कळायला मार्गच नाही. 'रन', 'कट' आणि 'पुट' यांचंही तसंच. इथे शेपूटच कामाला येतं. 'बट ही डिडन्ट' जुळत असेल तर 'हॅड कम', 'बट ही वोन्ट' जुळत असेल तर 'वुड कम'. परीक्षेत असं वाक्य आलं आणि पुढे 'यस्टरडे' दिसला नाही, तर चूक पेपर काढणाऱ्याची समजावी.

याउलट 'हॅड हॅड' बघून मात्र घाबरू नये. 'आय विश आय हॅड हॅड मोअर टाइम' हे छापखान्याचं दुखणं नाही. पहिला 'हॅड' मदतनीस, दुसरा 'असणं' या अर्थाचं खरं क्रियापद. शेपूट: 'बट आय डिडन्ट हॅव मोअर टाइम.'

स्वतःवर रुसता येत नाही

'वुड'मध्ये थोडी तक्रार असते, समोरच्याच्या मर्जीवर ठेवलेलं बोट असतं. 'आय विश यू वुड लिसन' म्हणजे तू ऐकत का नाहीस रे बाबा! म्हणून 'आय विश आय वुड' असं सहसा म्हणत नाहीत. आपली मर्जी आपल्याच हातात, मग रुसायचं कुणावर? तिथे 'कुड' येतो: 'आय विश आय कुड स्विम.' पावसाला मात्र मर्जी असल्यासारखं वागवायला इंग्रजीची हरकत नाही. 'आय विश इट वुड रेन' हे अस्सल इंग्रजी आहे, आणि जूनअखेर ढगांकडे डोळे लावून बसलेल्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ते कुणी समजावून सांगायला नको.

'वुड हॅव' हे दुसरं घसरगुंडीचं ठिकाण. 'आय विश आय वुड हॅव नोन' असं अमेरिकन बोलण्यात सर्रास ऐकू येतं, पण लेखी इंग्रजीत ते खपत नाही. तिथे 'आय विश आय हॅड नोन.' मराठी माणूस इथे हमखास घसरतो, आणि त्याला कारणही आहे. 'तू आला असतास तर मी गेलो असतो' या वाक्याच्या दोन्ही भागांत आपण 'असतास-असतो' ही एकाच जातीची रूपं वापरतो. मग इंग्रजीतही दोन्हीकडे 'वुड हॅव' बसवायचा मोह होतो. इंग्रजीत 'तर'च्या अलीकडे 'हॅड' आणि पलीकडेच 'वुड हॅव'.

'वेअर'चा थाट

'आय'ला 'वॉज' लागतो हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं. तरी 'इफ आय वेअर' कसं? हे जुन्या इंग्रजीचं उरलेलं रूप आहे. कल्पनेतल्या गोष्टींसाठी त्या भाषेत क्रियापदांची वेगळी रूपं होती. काळाच्या ओघात ती झिजली. भूतकाळात शिल्लक राहिलं ते फक्त 'बी' या एका क्रियापदापुरतं, आणि तेही 'आय', 'ही', 'शी', 'इट' यांच्यासोबतच दिसतं. 'यू' आणि 'दे' यांना एरवीही 'वेअर'च लागतो, तिथे फरक कळणार कसा? पिंक फ्लॉइडच्या 1975च्या प्रसिद्ध अल्बमचं नाव आहे 'विश यू वेअर हिअर'. त्यातला 'वेअर' बघून कुणी व्याकरणाचा दाखला देत असेल, तर तो दाखला फुसका. 'यू'सोबत दुसरं येणार तरी काय? खरा दाखला हवा असेल तर 1964च्या 'फिडलर ऑन द रूफ' या ब्रॉडवे संगीतिकेतलं 'इफ आय वेअर अ रिच मॅन' किंवा 2008चं बियॉन्सेचं 'इफ आय वेअर अ बॉय' घ्या. दोन गाण्यांत चव्वेचाळीस वर्षांचं अंतर, 'वेअर' तोच.

बोलताना 'आय विश आय वॉज' म्हणणारे इंग्रज भरपूर आहेत, आणि त्यांना अडाणी म्हणायचं कारण नाही. परीक्षेत, अर्जात आणि संपादकाच्या टेबलावर जाणाऱ्या मजकुरात मात्र 'वेअर' लिहावं. दोन ठिकाणी तर पर्यायच नाही. 'इफ' गाळून क्रियापद पुढे आणलं तर 'वेअर आय रिच' असंच म्हणावं लागतं, 'वॉज आय रिच' चालत नाही. आणि 'जणू काही' या अर्थाचं 'ॲज इट वेअर' असंच राहतं. तिथे 'वॉज' घातलात तर 'होतं तसं' असा भलताच अर्थ निघतो.

उत्साहाच्या भरात 'वेअर' कुठेही पेरू नये, हेही तितकंच खरं. 'इफ आय वॉज रूड यस्टरडे, आय ॲम सॉरी.' काल मी उद्धट वागलो असेन तर माफ करा. इथे 'बट आय वॉजन्ट' हे शेपूट जोडून बघा. माफी मागता मागता माणूस भांडायला उठेल! शेपूट बसत नाही म्हणजे गोष्ट कल्पनेतली नाही, खरीच घडलेली असू शकते. तिथे साधा 'वॉज'च हवा.

आजारी माणसाला काय लिहाल?

आता रोजच्या मोबाइलवरची चूक. कुणी दवाखान्यात आहे म्हटलं की ग्रुपवर संदेशांची रांग लागते: 'आय विश यू विल गेट वेल सून.' 'विश'मागे 'विल' बसत नाही, म्हणून एखादा व्याकरणप्रेमी तो सुधारून 'आय विश यू वुड गेट वेल सून' करतो. झालं! वाक्य सुधारलं आणि अर्थ बिघडला. या वाक्याचं शेपूट आठवून बघा: 'बट यू वोन्ट.' बरे व्हा हो, पण तुम्ही काही व्हायचे नाही! शिवाय 'वुड'मधली ती तक्रारही आलीच, जणू पेशंट मुद्दामच बरा होत नाहीये.

शक्य असलेल्या, घडावीशी वाटणाऱ्या गोष्टीसाठी इंग्रजीत 'होप' आहे: 'आय होप यू गेट वेल सून.' 'विश'च वापरायचा असेल तर त्याच्यापुढे वाक्य न घालता नाम घाला: 'आय विश यू अ स्पीडी रिकव्हरी.' ही नुसती सदिच्छा. तिला शेपूट नाही, टोचणीही नाही. यातलं कुठलंही एक बिनधास्त पाठवा, आणि इंग्रजीची धास्ती वाटत असेल तर सरळ 'लवकर बरे व्हा' लिहा.