पेपरच्या सकाळी आलेलं पत्र

जीएनएम नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने पेपरच्या महिनाभर आधी स्वतःलाच मेल लिहिला आणि तो परीक्षेच्या सकाळी साडेसहाला पोचेल असा लावून ठेवला. जीमेलमध्ये मेल लिहून झाला की वरच्या तीन टिंबांत Schedule send मिळतं. तारीख-वेळ दिली की मेल गुगलकडे थांबतो, त्यामुळे त्या वेळी आपला फोन बंद असला तरी चालतं. घोळ होतो तो मजकूर सुधारताना. त्यासाठी आधी पाठवणं रद्द करावं लागतं, मेल कच्च्या मसुद्यात जातो आणि वेळ पुन्हा लावायची राहून जाते. म्हणून शेवटी Scheduled मध्ये तो दिसतोय ना, हे बघायचं. वेळही घर सोडण्याआधीची हवी. परीक्षागृहात फोन कुठला!

मजकुरात 'घाबरू नकोस' नव्हतं, हे मला आवडलं. तो सल्ला सगळेच देतात. तिने लिहिलं होतं: 'आजी अंथरुणाला खिळली होती. कमरेवर जखम झाली. ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरने आईला दर दोन तासांनी कूस बदलायला शिकवलं, कारण एकाच जागी दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा अडतो. तेव्हा तू दाराशी उभी राहून विचारलंस, हे कुठे शिकतात? आज बेडसोरवर प्रश्न आला तर आजीची कूस आठव. आणि हॉल तिकीट घे.'