फोटोतल्या खोलीची किंमत

आवडलेल्या दिवाणखान्याच्या फोटोतल्या वस्तूंची यादी करताना आधी मापं काढावीत, कारण भाव मापावर ठरतो. दार साधारण सात फुटांचं धरलं, तर त्याच भिंतीलगतच्या कपाटाची उंची अंदाजाने कळते. कॅमेऱ्याजवळची वस्तू मात्र मोठी दिसते, तेवढं वजा करायचं.

मग घडण पाहावी. समजा, फोटोत वेताच्या बैठकीची, उलट्या ‘व्ही’सारख्या पायांची लाकडी खुर्ची आहे. ही पिएर जानेरे यांनी 1950च्या दशकात चंडीगडसाठी घडवलेली शैली. ‘चंडीगड चेअर’ असं शोधलं की तशा खुर्च्या सापडतात. अस्सल जुनी खुर्ची लिलावात लाखोंना जाते. नवी, त्याच धाटणीची साधारण आठ ते वीस हजारांत मिळावी. मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर बाजारात चौकशी करावी.

भावात एवढी तफावत लाकडामुळे पडते. पॉलिश केलेलं सागवान आणि रंग दिलेलं स्वस्त लाकूड फोटोत सारखंच दिसतं. म्हणून यादीत एकच आकडा लिहू नये. दुकानात खुर्ची उलटी करून पाहावी: पॉलिश न लागलेल्या खालच्या बाजूला लाकडाचा खरा रंग आणि रेषा दिसतात.