ड्रिफ्ट-डिफ्यूजन प्रारूप

ड्रिफ्ट-डिफ्यूजन प्रारूप हे दोन पर्यायांमधून झटपट निवड करताना लागणारा वेळ आणि होणाऱ्या चुका यांचे एकत्रित स्पष्टीकरण देणारे गणिती प्रारूप आहे. मानसशास्त्रज्ञ रॉजर रॅटक्लिफ यांनी ते १९७८ मध्ये स्मरणप्रक्रियेच्या संदर्भात मांडले.

या क्षेत्रातील एका प्रचलित प्रयोगात पडद्यावर असंख्य ठिपके अस्ताव्यस्त हलत असतात आणि त्यांतील थोडेच एका दिशेने सरकतात. ती दिशा डावी की उजवी, हे सहभागी व्यक्तीने ओळखायचे असते. क्षणोक्षणी मिळणारा पुरावा अस्पष्ट असतो. कधी तो चुकीच्या बाजूलाही झुकतो. प्रारूपानुसार मन हा पुरावा साठवत जाते आणि साठा दोनपैकी एका सीमेला टेकताच निर्णय होतो. साठा योग्य बाजूकडे सरासरी ज्या वेगाने सरकतो त्यास 'ड्रिफ्ट' म्हणतात. पुरावा जितका स्पष्ट, तितका हा वेग अधिक. दोन सीमांमधील अंतर मात्र व्यक्तीच्या सावधगिरीवर अवलंबून असते. पाहण्यात व बटण दाबण्यात जाणारा वेळ वेगळा धरला जातो.

ड्रिफ्ट सेकंदाला १ एकक, एका सेकंदातील यादृच्छिक चढउतारांचे प्रमाण विचलनही १ एकक आणि सुरुवात मधोमध, असे मानू. सीमांमधील अंतर १ एकक असल्यास निर्णयाला सरासरी ०.२३ सेकंद लागतात व सुमारे ७३ टक्के उत्तरे बरोबर येतात. अंतर २ केल्यास ०.७६ सेकंदांत ८८ टक्के, तर ३ केल्यास १.३६ सेकंदांत ९५ टक्के. पुरावा तिन्ही वेळा तोच आहे. सीमा जवळ असताना एखादा चुकीचा हेलकावाही निर्णय घडवतो. सीमा दूर असल्यास तो पुढील पुराव्याने भरून निघतो. शेवटच्या टप्प्यात आणखी ०.६ सेकंद खर्चूनही केवळ ७ टक्क्यांची भर पडते, हेही लक्षणीय आहे.

त्यामुळे केवळ प्रतिसादाच्या वेळेवरून क्षमतेचा निष्कर्ष काढणे फसवे ठरते. रॅटक्लिफ व सहकाऱ्यांच्या अभ्यासांत वृद्ध व्यक्ती तरुणांपेक्षा संथ आढळल्या; परंतु अनेक कार्यांमध्ये त्यांचा ड्रिफ्ट तरुणांइतकाच होता. फरक प्रामुख्याने दूरवर ठेवलेल्या सीमांचा आणि निर्णयाबाहेरील वेळेचा होता.

वरील साध्या रूपात चुकीच्या व बरोबर उत्तरांना सरासरी सारखाच वेळ लागायला हवा. प्रत्यक्षात तसे घडत नाही. घाईच्या सूचनेत चुका बरोबर उत्तरांपेक्षा जलद, तर अचूकतेच्या सूचनेत बहुधा संथ होतात. म्हणून आरंभबिंदू आणि ड्रिफ्ट प्रत्येक फेरीत थोडे बदलतात, असे पुढे गृहीत धरण्यात आले. पहिल्यामुळे जलद चुका व दुसऱ्यामुळे संथ चुका स्पष्ट होतात. घाईच्या सूचनेने फक्त सीमाच बदलतात, हे गृहीतकही नेहमी टिकत नाही; काही प्रयोगांत ड्रिफ्टही घटलेला आढळला आहे.