पत्रिकेचा फोटो आणि ‘याला रिप्लाय कर’

व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिकेचा फोटो येतो, जरासा तिरका काढलेला, एका कोपऱ्यात अंगठा आलेला. खाली तीन शब्द: ‘याला रिप्लाय कर.’ पाठवणारे वडील असतात, सासूबाई असतात, कधी ऑफिसातले साहेब असतात. पत्रिका कोणाची, जायचंय की नाही, उत्तर कोणाच्या नावानं द्यायचं, यातलं काहीही सोबत नसतं.

खरं तर छापील मराठी पत्रिका उत्तर मागतच नाही. ‘सहकुटुंब, सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत’ असा आग्रह करून ती थांबते. पूर्वी पत्रिका घरी येऊन हातात दिली जायची, तिच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लागलेलं असायचं आणि उत्तर तिथल्या तिथे, चहा पिता पिता तोंडी मिळायचं. जाणं शक्य नसलं तर पत्र किंवा तार. तारखात्यानं शुभेच्छांची वाक्यं तयारच ठेवली होती. फॉर्मवर वाक्याचा क्रमांक लिहिला की काम झालं. ती सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली आणि मजकूर जुळवण्याचं काम ज्याला मोबाइलवर भराभर टाइप करता येतं त्याच्याकडे, म्हणजे बहुतेक घरांत मुलांकडे किंवा सुनेकडे आलं.

एक नमुना घेऊ. साताऱ्यातल्या वडिलांना त्यांच्या आतेभावानं मुलीच्या लग्नाची पत्रिका पाठवली. वडिलांनी ती पुण्यातल्या लेकीकडे सरकवली, त्याच तीन शब्दांसह. पत्रिकेवर वधूचं नाव आधी आहे: ‘आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. ऋतुजा’, आणि मग ‘चि. अमेय’. म्हणजे निमंत्रण वधूपक्षाकडचं. लग्न रविवारी, मुहूर्त दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांचा, स्थळ सांगलीतलं एक मंगल कार्यालय. आदल्या संध्याकाळी हळद. सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, ‘कृपया आहेर आणू नये’.

यातली एक ओळ नजरेतून हमखास निसटते. वधूच्या नावाखाली ‘कै.’ लावून आजोबांचं नाव छापलं आहे. लेकीनं घाईत ‘आजोबांना नमस्कार सांगा’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्या घरात क्षणभर सगळेच गप्प होतील. हीच गत ‘गं. भा.’ची. ज्या बाईंच्या नावामागे ते आहे, त्यांच्या यजमानांची चौकशी करायची नसते. फोटो मोठा करून ही दोन अक्षरं शोधायला अर्धा मिनिट लागतो. फोटोत पत्रिकेचं खालचं टोक कापलं गेलं असेल तर ते पुन्हा मागवून घ्यावं, कारण निमंत्रकांची नावं आणि आहेराची सूचना बहुधा तिथेच असते.

आता मुख्य अडचण. बोलतंय कोण? आपल्याकडे आशीर्वाद वरून खाली जातो. वडील ऋतुजाला ‘अनेक आशीर्वाद’ देऊ शकतात. पण लेक तिच्याहून दोन वर्षांनी धाकटी असेल आणि तिनं स्वतःच्या फोनवरून तेच शब्द पाठवले, तर काका हसतील. तिनं ‘ऋतुजाताईला आणि जिजूंना मनापासून शुभेच्छा’ म्हणावं. संबोधनही बदलतं. वडिलांसाठी तो आतेभाऊ ‘दादा’, लेकीसाठी ‘काका’. वडिलांच्या ‘वहिनी’ त्या तिच्या ‘काकू’. म्हणून मजकूर जुळवण्याआधी वडिलांना उलट एकच मेसेज करावा: ‘तुमच्या नावानं लिहू का? आणि लग्नाला जाणार आहात ना?’ या दोन गोष्टींचा अंदाज बांधून लिहिणारे पुढे फसतात. लेक ‘नक्की येतो’ लिहून मोकळी होते आणि त्याच रविवारी आईची मोतीबिंदूची तपासणी निघते.

समजा, वडिलांचं उत्तर आलं: माझ्या नावानं, लग्नाला दोघं जाणार, हळदीला नाही. मग मजकूर असा होईल:

‘दादा, सा. नमस्कार. ऋतुजाच्या लग्नाची पत्रिका मिळाली, फार आनंद झाला. चि. सौ. कां. ऋतुजा आणि चि. अमेय यांना आम्हा दोघांचे अनेक आशीर्वाद. रविवारी मुहूर्ताच्या आधी आम्ही दोघं पोचतो. आदल्या दिवशी हळदीला मात्र येणं होणार नाही. काही मदत लागली तर हक्कानं सांगा. वहिनींना नमस्कार.’

एवढं पुरे. यात ‘दोघं’ हा शब्द सर्वांत उपयोगाचा आहे. कार्यालयाच्या केटररला पानांचा आकडा आधी द्यावा लागतो, आणि ‘सहकुटुंब, सहपरिवार’ छापल्यावर दोन जण येणार की सात, हे यजमानाला कळायला दुसरा मार्ग नसतो. फोन करून ‘किती जण येताय?’ असं विचारायची त्याला लाज वाटते. हळद आणि लग्न वेगवेगळं सांगितलं तेही त्याच हिशेबानं. आहेराचा विषय मजकुरात नाही, कारण तो पत्रिकेनंच मिटवला आहे. तरीही ‘काय आणू?’ असं विचारणं म्हणजे यजमानाला परत ‘नको नको’ म्हणायला लावणं.

लेकीनं हे स्वतःच्या फोनवरून न पाठवता वडिलांकडे द्यावं आणि त्यांनी कॉपी करून दादांना पाठवावं. ‘फॉरवर्ड’ केलं तर मेसेजच्या डोक्यावर तशी खूण उमटते आणि मजकूर दुसऱ्याकडून आला, हे लपत नाही.

जायचं नसेल तेव्हा माणसं जास्त गडबडतात. ‘जमलं तर बघतो’, ‘प्रयत्न नक्की करतो’ ही उत्तरं सभ्य वाटतात खरी, पण यजमानाचा आकडा त्यांनी लटकतो. त्यापेक्षा आधी आनंद, मग स्पष्ट नकार, एक छोटं खरं कारण आणि भेटीचा शब्द:

‘दादा, पत्रिका पाहून फार आनंद झाला. ऋतुजा आणि अमेय यांना खूप खूप आशीर्वाद. त्या दिवशी हिच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलंय, त्यामुळे आम्हाला येता येणार नाही, याची रुखरुख आहे. लग्न झाल्यावर दोघांना घेऊन घरी या, वाट पाहतो.’

कारण एकच द्यावं. ऑपरेशन, पाहुणे, गाडीचं काम अशी रांग लावली की ऐकणाऱ्याला सगळीच खोटी वाटू लागतात.

पत्रिका भावकीच्या ग्रुपवर आली असेल तर तिथे ‘अभिनंदन!’ आणि एखादं फुलाचं चित्र टाकायला हरकत नाही, सगळे तेच करत असतात. पण येणार की नाही, हे निमंत्रकाला वेगळ्या मेसेजमध्ये कळवावं. ग्रुपवर एकानं नकार दिला की दुसरा ‘आमचंही अवघडच दिसतंय’ म्हणतो, आणि लग्नघरात ते वाचवत नाही.

पत्रिका साहेबांनी पाठवली असेल, तर वरच्यातलं बरंच गळून पडतं. तिथे आशीर्वाद, वहिनी, हक्क हे शब्द नकोत. ‘सर, मनःपूर्वक अभिनंदन. वधूवरांना हार्दिक शुभेच्छा. स्वागत समारंभाला संध्याकाळी सपत्नीक उपस्थित राहतो’ एवढ्या तीन वाक्यांत काम होतं. आणि ‘रिप्लाय कर’ याचा अर्थ ‘माझ्या वतीनं तू लिही’ असा आहे की ‘तूही येतोस ना ते कळव’ असा, ते आधी विचारून घ्यावं. साहेब लोक दोन्ही अर्थांनी म्हणतात.

मेसेज गेल्यावर एक काम उरतं, आणि बहुतेक घरांत तेच राहून जातं. काय कळवलं ते घरात सगळ्यांना सांगायचं. नाहीतर संध्याकाळी काकूंचा फोन येतो, आई तो उचलते आणि मेसेजमध्ये काय लिहिलंय याचा पत्ता नसताना हळदीला येण्याचं कबूल करून बसते.